वारलेल्या बाईचा मसाला

आपलं नाव खोक्यावर छापून यावं, एवढंच रुक्मिणी घाडीला हवं होतं. त्यासाठी तू मरायलाही तयार होशील, असं कुणी म्हटलं असतं तर तिने त्याला लाटणं दाखवलं असतं. पण पुढे झालं जवळपास तेच.

घाटकोपरच्या चढावरच्या चाळीत तिला रुक्मिणी म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ती आधी काशीरामची बायको होती, मग सहदेवची आई झाली, आणि सहदेव नोकरीला सुरतेला गेल्यावर पुन्हा काशीरामची बायको झाली. तिचा मसाला मात्र सगळ्यांना ठाऊक होता. काशीरामची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, तो साकीनाक्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून उभा राहिला, आणि घर चालवायला हिने मिरच्या वाळवून, धणे भाजून, डंकावर कुटून आणून मसाला विकायला सुरुवात केली. मालवणी, मच्छी, मटण आणि गरम, असे चार प्रकार. दोऱ्याने बांधलेल्या साध्या पिशव्या. लोक यायचे आणि म्हणायचे, "काशीरामच्या बायकोचा मसाला द्या." काशीरामला जिरं आणि शहाजिरं यातला फरक मरेपर्यंत कळणार नव्हता, तरी नाव त्याचं. याचा रुक्मिणीला राग यायचा, आणि तो रास्तच होता.

चढ उतरून खाली आलं की नानजीशेठचं किराणा दुकान. शेठ कच्छी, पण तीस वर्षं मराठी गिऱ्हाइकांशी भांडून मराठी झालेला. रुक्मिणीने त्याला मसाला ठेवायला सांगितलं तेव्हा त्याने पिशवी दोन बोटांत धरून हलवली.

"बेन, असा माल मी ठेवला तर इन्स्पेक्टर मलाच पिशवीत भरून नेईल. खोका पाहिजे. त्यावर नाव, पत्ता, वजन, किंमत, आत काय काय आहे ते, कुठल्या महिन्यात भरला ते. सगळं छापून आण. मी फळीवर ठेवतो. पण दसऱ्यापर्यंत. गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलं तर माल माझा. नाय मागितलं तर तुझा तू घेऊन जा."

गिऱ्हाईक नाव घेऊन मागेल. रुक्मिणी हे वाक्य घोळवत चढ चढली आणि वर येईपर्यंत तिचं ठरलं. खोक्यावर 'रुक्मिणी मसाले' असंच नाव येणार. काशीरामने 'श्री गणेश मसाले' सुचवलं, तर ती म्हणाली, "गणपतीन मिरचे कुटले काय?"

खोका काढायला तिला श्यामसुंदर सापडला. मुलुंडला राहणारा, एका जाहिरात कंपनीत चित्रं काढणारा. त्याच्या आईकडे रुक्मिणीचा मसाला वर्षानुवर्षं जात होता, त्यामुळे कॉलेजात असल्यापासून ती त्याला अरेतुरे करायची. माणूस हुशार होता. फक्त त्याला नाजूक गोष्टींचं वेड होतं. घरातल्या दुधाच्या हिशेबाचा आकडासुद्धा तो वेलबुट्टी काढल्यासारखा लिहायचा, असं त्याची बायको पद्मजा सांगायची.

"मावशी, चारही खोक्यांचं रूप एकच ठेवू या," तो म्हणाला. "लाल रंग. फळीवर ओळीने ठेवले की एकाच घरातली भावंडं वाटतील."

"आणि माझो फोटो," रुक्मिणी म्हणाली.

श्यामसुंदरने पेन्सिल खाली ठेवली. चेहऱ्याकडे नजर जाते हे त्याला मान्य होतं, पण छापखाना दोनच रंगांत छापून देणार होता, लाल आणि काळा. फोटो काळ्या ठिपक्यांत आला असता. रुक्मिणीला ठिपक्यांचं काही नव्हतं. तिने पुडक्यातून एक फोटो काढला. स्टुडिओवाल्याने 'हलू नका' म्हटल्यावर ती इतकी हलली नव्हती की दात काढायला बसल्यासारखी दिसत होती. श्यामसुंदरने तो फोटो खोक्याच्या मधोमध पांढऱ्या लंबगोलात बसवला.

"बाजूक मोकळा मोकळा दिसता," रुक्मिणी म्हणाली. "मिरचेची माळ घाल. तिखट आसा ता लोकांक कळूक होया."

आणि श्यामसुंदरने घातली. लंबगोलाच्या आतल्या कडेने लाल मिरच्यांची एकसारखी माळ, प्रत्येक मिरचीला देठ, प्रत्येक देठाला वळण. हाच तो घात. त्याला वाटलं, काय झकास झालंय. तिलाही वाटलं. खाली लाल जमिनीवर काळ्या, बारीक, नखरेल अक्षरांत 'रुक्मिणी मसाले', आणि त्याखाली आणखी बारीक अक्षरांत मसाल्याचा प्रकार. वजन, किंमत, पत्ता आणि पुन्हा एकदा प्रकार खोक्याच्या तळाला. वरून चकचकीत वार्निश. टेबलावर, दिव्याखाली, वीतभर अंतरावरून ते चित्र इतकं देखणं दिसत होतं की पद्मजाने चहा ठेवला.

छापखान्यातून खोके आले आणि पहिली अडचण काशीरामच्या हातून झाली. भरल्याचा महिना रबरी शिक्क्याने मारायचा होता. वार्निशवर शाई काही बसेना. शिक्का मारला की महिना बोटाबरोबर निघायचा. काशीराम दिवसभर 'श्रावण की काय ता' शर्टावर पुसत बसला आणि शेवटी रुक्मिणीने महिना बॉलपेनने दाबून दाबून लिहिला. पण हे किरकोळ होतं.

नानजीशेठने खोके मोठ्या मानाने लावले. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक आत येत नसे. पुढे पोती, मग वजनकाटा ठेवलेला लाकडी काउंटर, मग शेठ, आणि त्याच्यामागे भिंतभर फळ्या. चांगला माल वरच्या फळीवर जायचा, देवाच्या तसबिरीशेजारी, जिथे छोटा लाल दिवा सदा जळत असे आणि सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लागे. त्या फळीवर शेठच्या वडिलांचाही फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. रुक्मिणीचे खोके त्याच्या शेजारी ओळीत बसले. शेठ म्हणाला, "बेन, फर्स्टक्लास जागा दिली."

चार दिवसांनी शांताबाई आली.

शांताबाई पलीकडच्या चाळीतली, रुक्मिणीबरोबर पूर्वी पापड लाटणारी. ती जिन्यावरूनच पदर तोंडाला लावून येत होती. दारात उभी राहून तिने काशीरामला बघितलं आणि गळा काढला. "काय रे झाला ह्या काशीराम, माका कोणी सांगूक पण नाय." काशीरामला वाटलं, हिच्या घरात काहीतरी झालं. तोही रडकुंडीला आला. तेवढ्यात मोरीतून रुक्मिणी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "कोण गेला गो?" शांताबाई जिथे होती तिथे खाली बसली. तिला दोन पेले पाणी आणि एक कप चहा लागला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला.

"तुझो फोटो बघलंय शेठच्या दुकानात. हार घातलेलो."

रुक्मिणीला ही बाई भ्रमिष्ट झाली असं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी धाकूभावजी वर्सोव्याहून भाकरी-भाजीचं पुडकं घेऊन आले, ते घरात दहाव्यापर्यंत चूल कशी पेटणार याचा विचार करून. चाळीच्या भजनी मंडळाने शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकलला. आठवड्याभरात गावाहूनही नणंदेचं कार्ड आलं, त्यात 'फार सोसलं बिचारीने' असं लिहिलं होतं. हयातभर त्या नणंदेने रुक्मिणीला बिचारी म्हटलं नव्हतं. रुक्मिणीने ते वाक्य दोनदा वाचलं.

खरा कहर काशीरामने केला. कारखान्याच्या फाटकावर सुपरवायझरने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "घाडी, आठवडाभर येऊ नका. घरी बसा." काशीरामने मान खाली घातली आणि घरी येऊन बसला. तीन दिवस त्याने चाळीच्या गॅलरीत पत्ते खेळले. रुक्मिणीने कारण विचारलं तेव्हा तो म्हणाला, "माका वाटला, तुका सांगतलंय तर तू माका कामार धाडशीत."

"म्हणजे मी मेलंय म्हणान तू रजा घेतलंस?"

"मी घेवक नाय. तेनी दिल्यान."

रुक्मिणीने पायात चपला घातल्या, शेजारच्या विमलाच्या घरातल्या फोनवरून श्यामसुंदरला रविवारी बोलावून घेतलं, आणि रविवारी त्याला घेऊन चढ उतरली. काशीरामलाही ओढत नेलं. दुखवट्यातला माणूस बाहेर कसा पडणार, असं तो म्हणत होता.

दुकानासमोर चार-पाच गिऱ्हाईकं होती. श्यामसुंदर त्यांच्यामागे उभा राहिला आणि त्याने मान वर केली. वरच्या फळीवर लाल दिव्याच्या उजेडात देव होता, देवाशेजारी हार घातलेले शेठचे वडील, आणि वडिलांशेजारी हार घातलेली रुक्मिणी, एकदा नाही, ओळीने दहा-बारा वेळा. मिरच्या मिरच्या दिसतच नव्हत्या. इतक्या लांबून देठ गेले, वळणं गेली, उरली ती लाल फुलांची माळ. मध्ये तो न हललेला चेहरा. खालची काळी नखरेल अक्षरं लाल रंगात अशी बुडाली होती की तिथे काही लिहिलंय अशी शंकाही येऊ नये. उदबत्तीचा धूर बरोब्बर समोरून वर जात होता.

श्यामसुंदरने हात जोडले. हे त्याने मुद्दाम केलं नव्हतं, आपसूक झालं.

"मेलो," तो पुटपुटला.

"तू नाय, मी," रुक्मिणी म्हणाली.

तेवढ्यात पुढची एक बाई काउंटरवर हात टेकून म्हणाली, "शेठ, त्या वारलेल्या बाईचा मसाला द्या. मच्छीचा." शेठने मागे न बघता एक खोका काढला, मग दुसरा, तळ उलटून वाचला, मग तिसरा. चारही खोके सारखेच लाल, त्यामुळे त्यालाही कळत नव्हतं कुठला कुठला. आदल्या सोमवारी त्याने एका गोखल्यांच्या घरी गरम मसाल्याऐवजी मटण मसाला दिला होता. श्रावणी सोमवार. मसाल्यात मटण नसतं, नुसती मिरची-धणे असतात, हे शेठने परोपरीने सांगितलं, पण त्या बाई खोका चिमट्यात धरून परत घेऊन आल्या होत्या.

रुक्मिणी काउंटरपाशी गेली. शेठने तिला बघून आनंदाने मान हलवली.

"बेन, माल चालतो. लोक मागतात. हाच खोका ठेव. लोकांना दया येते, एक खोका जास्त घेतात. मला काय, नाव घेऊन मागतात म्हणजे झालं."

"खंयचा नाव?"

"वारलेली बाई."

काशीराम मागून हळूच म्हणाला, "चलता आसा तर चलांदे गो. लोकांचा काय." त्याचे रजेचे अजून दोन दिवस बाकी होते.

खरं सांगायचं तर व्यवहाराला धरून बोलत होते ते दोघंच. माल खपत होता. पण रुक्मिणीला वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. आयुष्यभर कुणाची बायको आणि कुणाची आई राहिली, एकदा स्वतःच्या नावाने जगावं म्हटलं, तर लोकांनी तिला आधी मारलं आणि मग विकत घेतलं. आणि नाव तरीही कुणी घेतलं नाही. ती शेठला म्हणाली, "सगळे खाली काढा."

"दसरा दीड महिन्यावर आलाय, बेन. फळी रिकामी झाली की दुसरा कोणीतरी येतो."

"येवंदेत. काढा."

श्यामसुंदरचा चेहरा पडला होता, पण एक गोष्ट चांगली केली त्याने. सबब सांगितली नाही. "मावशी, मी हे टेबलावर बसून बघितलं," तो म्हणाला. "इथे उभं राहून बघायला पाहिजे होतं." मग तो तिथेच, गिऱ्हाइकांच्या धक्क्यात, वही काढून गिऱ्हाइकाच्या जागेपासून काउंटरपर्यंतचं अंतर पावलांनी मोजू लागला आणि एका पोत्यात पाय घालून बसला. तुरीच्या डाळीच्या.

खोके फेकून देणं परवडणार नव्हतं. नवे छापणं तर नाहीच. श्यामसुंदरने तोड काढली ती अशी की खोक्याच्या पुढच्या बाजूवर, फोटो आणि माळ झाकेल एवढं लेबल चिकटवायचं. छपाई एकाच रंगात, काळ्या. कागद मात्र रंगीत घ्यायचा, मालवणीला पिवळा, मच्छीला फिकट निळा, मटणाला गुलाबी, गरम मसाल्याला हिरवा. म्हणजे शेठला तळ वाचायला नको आणि गोखल्यांना चिमटा शोधायला नको. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी कोपऱ्यात चित्र, पण कुठेही माळ नाही, वेल नाही, देठ नाही.

"आणि माझो फोटो?" रुक्मिणीने विचारलं.

"फोटो ठेवला तर नावाला जागा लहान होते. दोन्हीपैकी एक."

रुक्मिणीने खोक्यावरच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. स्टुडिओवाल्याने तिला त्या फोटोसाठी पावडर लावली होती. मग ती म्हणाली, "नाव."

या वेळी लेबल छापायला देण्याआधी श्यामसुंदरने हाताने काढून आणलं, एका खोक्यावर चिकटवलं आणि दुपारी गिऱ्हाईक नसताना शेठच्या वरच्या फळीवर ठेवलं, देवापासून लांब. वाचायला उभं केलं काशीरामला. त्याला चष्मा लागला होता पण तो लावायला तयार नव्हता, त्यामुळे या कामाला याहून चांगला माणूस साऱ्या घाटकोपरात मिळाला नसता.

पहिल्या लेबलावर अक्षरं जाड होती, पण सवय जाते कुठे, श्यामसुंदरने त्यांना सावली दिली होती. काशीरामने डोळे बारीक केले. "काळा काय तरी आसा. मुंगळे चढलेत कागदार." श्यामसुंदरने सावली काढली. दुसऱ्या वेळी काशीराम 'मसाले' धडाधड वाचून गेला, पण 'रुक्मिणी'पाशी अडखळला. तिथे वेलांट्या आणि जोडाक्षर एकमेकांत घुसून शाईचा गोळा झाला होता. मग श्यामसुंदरने वरची रेघ बारीक केली, वेलांट्यांच्या पोटात हवा ठेवली, जोडाक्षर ऐसपैस पसरवलं, आणि 'मसाले' हा शब्द लहान करून सगळी जागा नावाला दिली. प्रकाराचं नाव त्याखाली जवळजवळ तेवढंच मोठं. वजन, किंमत आणि महिना एका चौकटीत, समोर, आणि लेबलाला वार्निश नाही, म्हणजे शिक्का बसेल.

काशीरामने ते काउंटरवरून वाचलं. मग रस्त्यावर जाऊन वाचलं. मग रस्ता ओलांडून पानवाल्यापाशी उभा राहून एवढ्या मोठ्याने "रुक्मिणी" असं ओरडला की पानवाल्याने चुना सांडला. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि काशीरामने तिला तिच्या नावाने हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्यालाही ते उशिरा लक्षात आलं, आणि तो उगाच पान खायला थांबला. रुक्मिणी काउंटरपाशी उभी होती. तिने डाळीच्या पोत्याकडे बघून घेतलं.

लेबलं छापून आली. विमला, शांताबाई आणि काशीराम यांनी खळीने ती चिकटवली. काशीरामची जरा तिरकी लागली. दसरा तोंडावर आला होता आणि फळीवर खोके पुन्हा चढले तेव्हा रुक्मिणी रोज काही ना काही निमित्त काढून दुकानावर जाऊ लागली. कधी मीठ, कधी काडेपेटी. घरात काडेपेट्यांचा ढीग झाला. लोक येत, साखर मागत, तेल मागत, वर बघत, आणि जात. एकाने तर विचारलं, "शेठ, तो वारलेल्या बाईचा मसाला बंद झाला का?" शेठने रुक्मिणीकडे असं बघितलं की तिने आणखी एक काडेपेटी घेतली.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानावर झुंबड होती. झेंडूच्या टोपल्या रस्त्यापर्यंत आलेल्या. रुक्मिणी गर्दीच्या मागे उभी होती, आणि आता काय, उद्या खोके घरी न्यायचे, कुठे ठेवायचे, याचा विचार करत होती. तिच्यापुढे एक बाई होती. या बाजूची नव्हती, मासळीची टोपली रिकामी करून घरी निघालेली असावी. तिने मान उंच केली आणि वरच्या फळीवर बघत, लहान मूल वाचतं तसं एकेक अक्षर लावत म्हटलं,

"शेठ, तो रु-क्मि-णी द्या. रुक्मिणी. निळा, मच्छीचा."

शेठचा हात सरळ निळ्या खोक्यावर गेला. त्याने तळ उलटून बघितला नाही. खोका काउंटरवर ठेवला, आणि गर्दीवरून रुक्मिणीकडे नजर टाकून फक्त मान हलवली. माल माझा.

रुक्मिणीला एकदम रडू आलं. ते दिसू नये म्हणून तिने तोंड फिरवलं, तर ती बाई खोका हातात घेऊन नेमकी तिच्याकडेच वळली होती.

"तुम्ही घेता का ओ ह्यो मसाला?" तिने विचारलं. "बराय का? कोण म्हणत होतं, करणारी बाई वारली."

"होय, वारली होती," रुक्मिणी पदराने नाक पुसत म्हणाली. "आता बरी आहे."

बाईने तिच्याकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं, क्षणभर विचार केला, आणि शेठकडे वळून म्हणाली, "बरी हाय म्हणतात. मंग अजून एक द्या, पिवळा."